पान एकदाच उघडतं: केळीच्या पानातल्या पापलेटचा आठ शॉटांचा व्हिडिओ, फक्त फोन आणि खिडकीचा उजेड

आपल्यातली बरीच कुटुंबं बोटीबरोबर छोटं रेस्टॉरंट किंवा खानावळ चालवतात. मासळी घरची आणि हात घरचा, पण व्हिडिओ टाकला की मासा काळपट दिसतो, वाफ दिसतच नाही आणि बघणारा दोन सेकंदांत पुढे सरकतो. आजच्या पाठात एकच डिश घेऊन तिचा व्हिडिओ कागदावर आधी कसा मांडायचा, ते सविस्तर बघू. कागदावर शॉट एकापाठोपाठ काढून ठेवतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्रकला येण्याची गरज नाही. आठ चौकोन काढा, प्रत्येकात मासा कुठे, हात कुठून येणार आणि खिडकी कुठल्या बाजूला, एवढं दाखवलं की पुरे.

डिश घेतली आहे रेशादचा लाल मसाला भरून केळीच्या पानात भाजलेलं पापलेट. ही निवडायला कारण आहे. पान बंद असतं तोपर्यंत आत काय आहे ते दिसत नाही, आणि उघडलं की एकदम हिरव्यावर लाल मासा आणि वाफ. दाखवण्याचा क्षण या डिशमध्ये आपोआपच आहे, तो ओढूनताणून आणावा लागत नाही. पण अडचणही तिथेच आहे. पान एकदाच उघडतं. पुन्हा गुंडाळलं तर मसाला पानाला फासलेला दिसतो आणि वाफ गेलेली असते. चुकलं तर एक अख्खं पापलेट गेलं, आणि पापलेटचा भाव आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून तयारी सगळी कागदावर करायची आणि ताव्यावर फक्त तीन पुड्या चढवायच्या.

आधी खिडकी, मग मासा

समजा आपलं रेस्टॉरंट मोरजीसारख्या किनाऱ्यावर आहे आणि एक मोठी खिडकी समुद्राकडे उघडते. गोव्यात समुद्राकडची खिडकी म्हणजे पश्चिमेची खिडकी. सकाळी तिच्यातून ऊन आत येत नाही, फक्त आभाळाचा मऊ उजेड येतो. म्हणून शूटिंग सकाळी 10 ते 11:30, दुपारच्या गिऱ्हाइकांच्या आधी. दुपारी सूर्य पश्चिमेला कलला की त्याच खिडकीतून थेट ऊन पडतं. मग मसाल्याच्या तेलावर पांढरे डाग चमकतात आणि पानाच्या कडेची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. खिडकी पूर्वेची असेल आणि सकाळी ऊन येत असेल, तर तिच्यावर पांढरं पातळ सुती कापड ताणून बांधा. उजेड कमी होतो, पण मऊ होतो.

टेबल खिडकीपासून साधारण तीन फुटांवर ठेवा. खोलीत आत गेलात की उजेड झपाट्याने कमी होतो, आणि फोन ती कसर भरून काढायला गेला की चित्रात दाणे दिसतात.

आता ट्यूबलाइट, बल्ब, फ्रीजची दिवी, सगळं बंद करा. हे फार महत्त्वाचं आहे. खिडकीचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र पडले की माशाची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते, आणि नंतर फोनवर कितीही रंग फिरवले तरी दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत. पंखाही बंद ठेवा, नाहीतर वाफ दिसायच्या आधीच उडून जाईल.

टेबलावर घड्याळ मांडा

ताटाला घड्याळाचा मध्य समजा. फोन सहाच्या जागी. खिडकी दहाच्या जागी, म्हणजे डावीकडे आणि थोडी मागे. ती चित्रात दिसता कामा नये. खिडकीचा तुकडा जरी फ्रेममध्ये आला तरी फोन त्या उजेडाला धरून बाकी सगळं काळं करतो.

बाराच्या ते एकच्या बाजूला, ताटाच्या तीन-चार फूट मागे, काळं कापड किंवा गडद चादर टांगा. खिडकीचा उजेड तिच्यावर थेट पडू देऊ नका. वाफ म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. मागून उजेड आला आणि पाठीमागे काळोख असला तरच ते चमकतात. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा समोरून उजेड टाकून तीच वाफ बघितली तर ती जवळजवळ दिसतच नाही. "वाफ येतच नव्हती" असं बरेच जण म्हणतात, तेव्हा वाफ असते, फक्त मागची भिंत पांढरी असते.

चारच्या जागी, म्हणजे खिडकीच्या बरोबर समोर, मासळीच्या थर्माकोल बॉक्सचं स्वच्छ धुतलेलं पांढरं झाकण तिरकं टेकवा. खिडकीकडून आलेला उजेड त्याच्यावर आपटून माशाच्या अंधाऱ्या बाजूला परत येतो. झाकण जवळ सरकवलं की सावली फिकी होते, लांब नेलं की गडद. सावली पूर्ण घालवू नका. सावली गेली की मासा चपटा दिसतो, आणि पापलेट मुळातच चपटं.

डिश करणारी वहिनी दोन-तीनच्या बाजूला उभी राहील, फ्रेमच्या जरा बाहेर. तिचा हात उजवीकडून येईल. डावीकडून आला तर तो खिडकी आणि माशाच्या मध्ये येतो आणि नेमक्या वेळी सावली पाडतो.

ही मांडणी एकदा ठरली की शेवटपर्यंत बदलायची नाही. टेबलाच्या पलीकडे जाऊन एखादा शॉट घेतलात, तर उजेड एकदम उजवीकडून येतोय आणि माशाचं तोंड फिरलंय असं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं की मासाच दुसरा. तोंड डावीकडे ठेवायचं ठरवलं तर आठही शॉटांत डावीकडेच.

बघायच्या क्रमाने आठ शॉट

फोन उभा, `1080p`, सेकंदाला 30 फ्रेम. पूर्ण व्हिडिओ 23 सेकंदांचा.

शॉट 1, 2 सेकंद. भाजलेली, बंद पुडी अगदी जवळून. पानावरचे करपलेले डाग, वर बांधलेला दोरा, कडेने निसटणारी वाफेची रेघ. आत काय आहे ते दाखवायचं नाही. बघणारा थांबतो तो ह्याच उत्सुकतेने.

शॉट 2, 3 सेकंद. कच्चं पापलेट, चिरा दिलेलं. बोटांनी लाल मसाला चिरेत भरला जातोय. कोन तिरका, जेवायला बसलेल्या माणसाच्या नजरेसारखा. ताज्या माशाची चकाकी इथे दिसली पाहिजे, म्हणून मसाला सगळीकडे फासायच्या आधीच चित्रण सुरू करा.

शॉट 3, 3 सेकंद. बरोबर वरून. मासा पानावर ठेवलेला. आधी फोनकडची बाजू दुमडली जाते, मग पलीकडची बाजू तिच्यावर येते, आणि पडदा पूर्ण हिरवा होतो. हा झाकण्याचा शॉट आहे. मासा डोळ्यांसमोर झाकला गेला नाही, तर पुढे उघडण्याला काही अर्थ उरत नाही. दुमडण्याचा क्रम लक्षात ठेवा, शॉट 6 त्याच्यावर अवलंबून आहे. फोन धरणाऱ्याने स्टुलावर चढून कोपरं अंगाशी घट्ट धरावीत.

शॉट 4, 2 सेकंद. तवा. पुडीच्या कडेला तेल चुरचुरतंय. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट असेल तर हा शॉट तिथे घेऊ नका, रंग बाकीच्यांशी जुळणार नाही. जाड लोखंडी तवा उतरवला तरी थोडा वेळ चुरचुरत राहतो. तो तसाच उचलून खिडकीजवळच्या टेबलावर लाकडी पाटावर ठेवा आणि लगेच घ्या. शेगडी खिडकीशी आणायची असेल तर आधी पडदे काढून ठेवा. ह्या शॉटचा आवाज जपा, त्याच्यावर गाणं चढवू नका.

शॉट 5, 2 सेकंद. पुडी पांढऱ्या ताटात ठेवली जाते, कात्री दोरा कापते, हात बाजूला होतो. हात गेल्यावर अर्धा सेकंद काहीच हलत नाही. तो अर्धा सेकंद कापू नका.

शॉट 6, 5 सेकंद. उघडणं. फोन खाली, ताटाच्या जरासाच वर, म्हणजे वाफेच्या मागे काळं कापड येईल. आधी पलीकडची बाजू मागे टाकायची, लगेच फोनकडची बाजू पुढे. मग हात बाहेर आणि तीन सेकंद नुसता मासा आणि वाफ.

शॉट 7, 3 सेकंद. बोटांनी किंवा काट्याने मासा सोडवतात. पांढरं मांस काट्यापासून सुटून पाकळीसारखं येतं. मासा ताजा आणि नीट शिजलेला आहे ते इथेच कळतं.

शॉट 8, 3 सेकंद. पूर्ण ताट: मासा, भात, हूमण, सोलकढी. वर रेस्टॉरंटचं नाव, गाव, वेळ आणि "पापलेट मिळेल त्या दिवशी" अशी ओळ. लिहिलेला मजकूर तीन सेकंदांत वाचून झाला पाहिजे.

घ्यायचा क्रम वेगळा

बघताना पहिला शॉट भाजलेल्या पुडीचा आहे, पण घेताना सुरुवात कच्च्या माशापासून होते. म्हणून स्टोरीबोर्डच्या प्रत्येक चौकोनात दोन आकडे लिहा: वर बघायचा क्रम, खाली घ्यायचा क्रम.

तीन पापलेटं घ्या, साधारण एकाच आकाराची, प्रत्येकी 300 ग्रॅमच्या आसपास. पहिलं सरावाचं, दुसरं खरं, तिसरं राखीव. आधी शॉट 2 आणि 3 घ्या, ते दुसऱ्या माशावर. मग पुड्या दहा-दहा मिनिटांच्या अंतराने ताव्यावर टाका, मंद आचेवर, दर बाजूला सहा-सात मिनिटं. तिन्ही एकदम टाकल्यात तर तिन्ही एकदम तयार होतील आणि शेवटची पुडी तुमची वाट बघत निवेल.

पहिली पुडी उतरली की तिच्यावर शॉट 4 आणि 1 घ्या. मग तीच उघडून बघा. ह्या सरावाच्या पुडीशिवाय शॉट 6 नीट येत नाही, आणि त्याचं कारण फोनच्या स्वभावात आहे.

बंद पुडी गडद हिरवी असते. फोनला वाटतं अंधार आहे, म्हणून तो चित्र उजळ करतो. पान उघडलं की आतून चकाकणारा मासा येतो, आणि तो एकदम भगभगीत पांढरट दिसतो. फोन मग घाईघाईने उजेड कमी करतो. ही वर-खाली धडपड नेमकी तुमच्या मुख्य क्षणात होते. त्यात वाफ पुढे आली की फोकसही मागे-पुढे जातो. उपाय असा: सरावाची पुडी उघडी असताना पडद्यावर माशावर बोट दाबून धरा. आयफोनवर वर `AE/AF LOCK` दिसेल, बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर कुलपाची खूण येते. मग सूर्याची खूण थोडी खाली ओढा, मसाल्यातला जाडसरपणा दिसू लागेपर्यंत. लाल रंग फोनला जास्त झाला की तो सपाट लाल डाग होतो, मिरचीचे कण दिसत नाहीत. तेवढं खाली आणा, त्याहून जास्त नाही. आता फोन न हलवता, कुलूप न काढता, ताटातला मासा उचला आणि तिथेच दुसरी पुडी ठेवा. बंद पुडी जरा काळपट दिसेल. दिसू दे. उघडल्यावर मासा बरोबर दिसेल.

रंगाचंही तसंच. फ्रेम पानाने भरली की फोन हिरवा कमी करायला बघतो आणि भात गुलाबी दिसतो. ताटाची पांढरी कड थोडी फ्रेममध्ये राहू द्या. फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड असेल तर रंगाचा आकडा 6000 च्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि ताट पांढरं दिसेपर्यंत हलवा. मग सगळ्या शॉटांना तोच आकडा.

शॉट 6 दोघांचा आहे

फोन हातात धरू नका. दोन विटांच्या मध्ये कापड घालून उभा खोचा. शॉट 5 पासून 7 पर्यंत मध्ये वेळ घालवायचा नाही, कारण चांगली वाफ मिनिटभरच टिकते. फोनकडे मुलगा असेल तर तोच बोलेल, कारण पडदा त्यालाच दिसतो. "आई, दोरा काप." अर्धा सेकंद. "आता मागची." लगेच "पुढची." "हात काढ." हे शब्द आधी थंड पानावर दोनदा म्हणून बघा, म्हणजे आईला फोनकडे बघावं लागणार नाही. नंतर हा आवाज काढून टाकायचा.

दोन्ही बाजू उघडण्याचा क्रम का पाळायचा ते समजून घ्या. खिडकी मागे आहे. पलीकडची बाजू उभी असेपर्यंत ती उजेड अडवते आणि पानातून गाळून आलेला हिरवा उजेड माशावर पडतो. म्हणून ती आधी पूर्ण आडवी टाकायची. फोनकडची बाजू शेवटी पडते. ती उभी असताना मासा दिसत नाही, आणि ती खाली जाते तसा मासा वरून खाली उघड होत जातो, मागून उजेड आधीच आलेला असतो. उलटं केलं तर मासा आधी सावलीत दिसतो आणि मग उजळतो. दोन्हींच्या मध्ये थांबू नका, वाफ पहिल्याच बाजूने निघून जाते.

वाफ कमी वाटली म्हणून उदबत्तीचा धूर मागे सोडणारे लोक आहेत. धूर सरळ रेघेत वर जातो आणि निळसर दिसतो, मासळी शिजवणाऱ्याला तो लगेच कळतो. तसंच व्हिडिओत 300 ग्रॅमचं पापलेट दाखवलं तर ताटातही तेच द्या. गिऱ्हाईक फोन पुढे धरून ताटाशी ताडून बघतं.

स्लो मोशनचा मोह टाळा. सेकंदाला 120 फ्रेम घेतल्या की प्रत्येक फ्रेमला उजेड फार थोडा मिळतो, आणि खिडकीच्या उजेडात काळ्या भागात दाणे दिसतात. पाच सेकंद साध्या वेगाने पुरतात.

तिथेच तपासून घ्या

तिसरं पापलेट अजून ताव्यावर आहे तोपर्यंत शॉट 6 परत लावून बघा. चार गोष्टी बघायच्या. पान उघडताना चित्र लुकलुकलं का? तर कुलूप लागलेलं नव्हतं. माशाच्या दोन बाजू दोन रंगांच्या आहेत का? तर कुठेतरी दिवा चालू राहिला, बहुतेक शेजारच्या खोलीतला. वाफ दिसत नाही का? तर कापडावर उजेड पडतोय, ते अजून मागे न्या, नाहीतर फोन अजून खाली आणा. सगळंच धूसर आहे का? तर लेन्सवर तेलाचं बोट लागलंय किंवा वाफ बसलीय. माशाच्या हातांनी फोन धरला की हे होतंच, मऊ सुती कापडाने पुसा.

चारही ठीक असतील तर राखीव मासा घरच्यांच्या जेवणाला. एखादी गोष्ट चुकलेली असेल तर एवढी एकच दुरुस्त करा आणि तिसरी पुडी उघडा. सगळं एकदम बदलू नका, नाहीतर काय चुकलं होतं ते कळणार नाही. दुसऱ्या दिवशीही हीच डिश करायची असेल तर खडूने जमिनीवर टेबलाचे पाय, विटा आणि थर्माकोलची जागा आखून ठेवा. पुढच्या वेळी पापलेटऐवजी बांगडा किंवा चणक असेल तरी आखणी तीच चालेल. लांबट मासा असेल तर फक्त ताट थोडं तिरकं फिरवा, म्हणजे उभ्या फ्रेममध्ये शेपटी कापली जाणार नाही.